वायसर बदलायचाय, पण नळाचं बॉनेट हलत नाही

अंगणातल्या पितळी नळाचा वायसर गेलाय. पाणी बंद करून मूठ काढली, पण तिच्याखालचं षटकोनी बॉनेट हलत नाही. पान्यावर जोर दिला की अख्खा नळच आडवा सरकतो आणि भिंतीचं प्लास्टर तडकतं. — एक वाचक, वडगाव

आता पाना खाली ठेवा. तुमचा जोर आट्यांपर्यंत पोचतच नाहीये, तो भिंतीतल्या एल्बोवर चाललाय. जुना जीआय पाइप असेल तर आटे तुटतात. नवी सीपीव्हीसी लाइन असेल तर आतला पितळी तुकडा प्लास्टिकमधून सुटतो, आणि पाच रुपयांच्या वायसरपायी भिंत फोडायची वेळ येते.

एक पाना पुरत नाही, दोन लागतात. एक बॉनेटच्या षटकोनावर बसवा. दुसरा बॉनेटच्या लगेच खाली, नळाच्या धडाच्या मानेवर. मान गोल असते, म्हणून तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि पाइप पाना लावा. बॉनेट वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने सुटतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे असाल तर बॉनेटच्या पान्याचा दांडा डावीकडे आणि धडाच्या पान्याचा उजवीकडे ठेवा. मग दोन्ही दांडे मुठीत धरून एकमेकांकडे आवळता येतात. जोर त्या दोघांतच राहतो, भिंतीला काही कळतही नाही. दुसरा पाना नसेल तर नळाच्या तोंडाच्या उजव्या बाजूला लाकडी ठोकळा धरायला कुणाला तरी उभं करा, कारण तोंड तिकडेच ढकललं जातं.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. बॉनेटला हात लावण्याआधी मूठ परत बसवून नळ एक-दोन फेरे उघडा. नळ घट्ट बंद असतो तेव्हा स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, वायसरला सीटवर दाबतं, आणि तोच दाब उलटा बॉनेटच्या आट्यांवर येतो. तो तसाच ठेवून बॉनेट फिरवायला गेलात तर निम्मा जोर फुकट जातो. कितीतरी नळ एवढ्यानेच सुटतात.

आमच्याकडे बोअरचं पाणी. बॉनेटच्या सांध्यावर पांढरा थर चढलाय. टॉयलेट क्लीनर ओतलं तर चालेल का? — एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

ओतू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते थर विरघळवतं हे खरं, पण त्याबरोबर क्रोमचा मुलामा उडवतं आणि पितळ खातं. शेजारी ब्लीचिंग पावडर सांडलेली असेल तर क्लोरीन वायूही सुटतो.

तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा असतो. त्याला साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. सुती चिंधी भिजवून सांध्याभोवती गुंडाळा, दोन-तीन तास ठेवा, मध्ये एकदा पुन्हा भिजवा. बारीक बुडबुडे दिसले तर काम चाललंय असं समजा. मुलामा असेल तर रात्रभर ठेवू नका, आणि शेवटी साध्या पाण्याने धुवा. व्हिनेगर आट्यांत खोलवर जात नाही, फक्त तोंडाशी काम करतं. पुढचं काम उष्णता करते.

शहापुरातल्या एका जुन्या घरातल्या अर्ध्या इंची नळाचं सांगते. बॉनेट वर्षानुवर्षं उघडलेलं नव्हतं. व्हिनेगरनंतरही पाना जागचा हलेना. मग चिंधी बॉनेटवर नव्हे, बॉनेटखालच्या धडावर गुंडाळली आणि किटलीतलं उकळतं पाणी तिच्यावर हळूहळू ओतलं. धड तापून किंचित फुगतं, बॉनेट त्यामानाने थंड राहतं, आणि दोघांतली पकड सैल होते. म्हणून घाई महत्त्वाची: चिंधी काढली की लगेच पाने. पहिल्या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी मी आधी बॉनेट *आवळण्याच्या* दिशेला अगदी केसभर ढकललं. ‘कट’ असा आवाज आला. तो आवाज आट्यांतला क्षार फुटल्याचा. मग उलट दिशेला पाव फेरा गेला आणि पुन्हा अडला. तिथे जोर वाढवायचा मोह होतो, तो टाळायचा. थोडं मागे, थोडं पुढे असं करत राहिले, तशी हिरवट-पांढरी भुकटी आट्यांतून बाहेर पडू लागली, आणि बॉनेट हाताने फिरू लागलं. त्याच्याखाली फायबरची चकती चिकटलेली होती, ती सुरीच्या टोकाने खरवडली.

गॅसची ज्योत किंवा ब्लो लॅम्प मात्र घरात, भिंतीतल्या नळाला लावू नका. मागचा पाइप सीपीव्हीसी असेल तर तो मऊ पडतो आणि गळती भिंतीच्या आत सुरू होते, बाहेर दिसतही नाही.

बॉनेट निघालं, पण स्पिंडल त्यातून निघत नाही. वरून ओढून पाहिलं. — एक वाचक, निपाणी

वरून निघणारच नाही. बहुतेक साध्या नळांत ते खालून निघतं. वरचा ग्लँड नट थोडा सैल करा, मूठ हलकी बसवा आणि नळ बंद करायच्या दिशेने फिरवत राहा. स्पिंडल खाली उतरून हातात येईल. ते जड फिरत असेल तर ग्लँडमधली दोरी कडक झालीय. बॉनेट गरम पाण्यात बुडवून ठेवा, मग फिरवा. वायसर धरणारा छोटा पितळी नट गंजून चिकटला असेल तर त्याच्याशी झगडू नका. खालचा खुंट तुटतो. जंपर, म्हणजे वायसर बसतो तो तुकडा, वायसरसकट नवा मिळतो.

फ्लॅटमध्ये टाइलच्या आत बसवलेला स्टॉप कॉक आहे. त्याचं बॉनेट कसं काढू? — एक वाचक, टिळकवाडी

धडाला पाना लावायला जागाच नाही, त्यामुळे सगळा जोर भिंतीतल्या सांध्यांवर जातो. लांब बॉक्स पान्याने आणि मध्यम हाताने एकदा प्रयत्न करा. नाही हलला तर थांबा आणि एक टाइल काढायची तयारी ठेवा. तुमची मूठ पाव फेऱ्यातच बंद होत असेल तर आत बहुधा वायसरच नाही, सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज आहे. ते पूर्णच बदलतात.

किती वेळ झगडावं? नळच बदलून टाकावा का? — एक वाचक, अनगोळ

षटकोनाचे कोपरे गोल होऊ लागले की थांबा. सांध्याजवळ पितळ पिवळ्याऐवजी गुलाबीसर दिसत असेल तरी थांबा: पाण्याने त्यातलं जस्त काढून नेलंय, धातू ठिसूळ झालाय आणि पान्याखाली तो चिरेल. असा नळ बदलाच.

पितळ चांगलं असेल आणि नळ भिंतीतून सहज सुटत असेल तर पूर्ण नळ काढून व्हाइसमध्ये, लाकडाच्या दोन फळ्यांत धरा. तिथे दोन्ही हात मोकळे असतात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवायलाही हरकत नाही, जुना वायसर तसाही जाणारच आहे.

परत बसवताना आटे जुन्या टूथब्रशने साफ करा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, फायबरची चकती नवी घाला. बॉनेट आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवा. मध्येच अडलं तर आटे वाकडे धरलेत, काढून पुन्हा लावा. मग पान्याने थोडंसंच आवळा. सांध्यातून थेंब आला तरच आणखी थोडं.