दहाच्या अकरा पेट्या झाल्या, तर कारखाना थांबतो कसा?

प्रश्न: सप्लाय चेनच्या स्लाइड्समध्ये बुलव्हिप इफेक्टचे आलेख आहेत: रिटेलर, डिस्ट्रिब्युटर, फॅक्टरी. गिऱ्हाइकाची मागणी थोडीशी वाढते आणि तशीच राहते. पण फॅक्टरीची रेघ आधी एकदम वर जाते आणि मग चक्क शून्यावर येते. मागणी वाढलेली असताना उत्पादन शून्य कसं? सरांनी ‘इन्फर्मेशन डिस्टॉर्शन’ एवढं सांगून पुढची स्लाइड लावली.

उत्तर:

‘डिस्टॉर्शन’ हे त्या गोष्टीचं नाव झालं, कारण नव्हे. कारण वहीत आकडे मांडले की दिसतं. मी काही वर्षं दिग्रसकडे साबणाच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे ऑर्डरी लिहायचं काम केलंय, म्हणून उदाहरणही कपड्याच्या साबणाचंच घेतो. आकडे मात्र सोपे व्हावेत म्हणून मी ठरवलेले आहेत.

साखळी तीनच कड्यांची. बाजाराच्या गावातलं एक मोठं किराणा दुकान, तालुक्याचा डिस्ट्रिब्युटर आणि नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीतला छोटा कारखाना. दुकानात आठवड्याला १० पेट्या साबण खपतो. तिघांचाही नियम एकच: जेवढा माल मागच्या आठवड्यात गेला, त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन आठवड्यांचा माल आपल्याकडे शिल्लक पाहिजे. म्हणजे प्रत्येकाकडे २० पेट्या आहेत. कोणीही हावरट नाही, कोणीही मूर्ख नाही. नियम अगदी शहाणपणाचा आहे.

आता कापसाची वेचणी सुरू होते. बाजाराच्या दिवशी मजुरी हातात येते, आणि साबण १० ऐवजी ११ पेट्या खपतो. पुढेही ११च खपत राहतो. एवढंच घडलं, बाकी काही नाही.

दुकानदार रविवारी रात्री माल मोजतो. २० मधून ११ गेल्या, ९ उरल्या. आता खप ११ चा, म्हणजे दोन आठवड्यांच्या २२ पाहिजेत. २२ वजा ९, ऑर्डर १३. सोमवारी मी फोन लावला की पलीकडून आवाज यायचा, “तेरा लिहा भाऊ. माल चालून राह्यला आता.” यात खोटं काहीच नाही. पण त्या १३ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात: ११ पेट्या खपल्याच्या, आणि २ पेट्या आपला साठा फुगवायच्या. मी वहीत लिहिताना फक्त १३ लिहितो. त्यातल्या दोन पेट्या एकदाच लागणार आहेत, दर आठवड्याला नाही, हे वहीत कुठेच उमटत नाही. तुमच्या सरांचं ‘डिस्टॉर्शन’ ते हेच.

आमच्या शेठला दिसतं की मागणी १० ची १३ झाली. त्यांच्या २० पेट्यांतून १३ गेल्या, ७ उरल्या. दोन आठवड्यांच्या २६ पाहिजेत. ऑर्डर १९. कारखान्याला दिसतं की मागणी १० ची १९ झाली, जवळपास दुप्पट. त्याच्याकडे उरली १ पेटी, पाहिजेत ३८. तो ३७ पेट्यांचं उत्पादन लावतो. जादा माणसं बोलावली जातात, दोन पाळ्या चालतात.

पुढच्या आठवड्यात दुकानदाराकडे २२ आहेत, ११ खपल्या, ११ उरल्या, २२ पाहिजेत. ऑर्डर ११. त्याचा फुगवटा संपला. पण शेठला काय दिसतं? मागणी १३ वरून ११ वर पडली. त्यांच्याकडे २६ होत्या, ११ गेल्या, १५ उरल्या. आता २२ पुरेत. ऑर्डर फक्त ७. कारखान्याला दिसतं की १९ ची मागणी एकदम ७ झाली. त्याच्याकडे ३८ होत्या, ७ गेल्या, ३१ उरल्या, आणि ७ च्या हिशोबाने पाहिजेत फक्त १४. मग उत्पादन कशाला? शून्य. कालपर्यंत दोन पाळ्या, आज कढई थंड.

| आठवडा | खप | दुकानाची ऑर्डर | डिस्ट्रिब्युटरची ऑर्डर | कारखान्याचं उत्पादन |
|---|---|---|---|---|
| १ | १० | १० | १० | १० |
| २ | ११ | १३ | १९ | ३७ |
| ३ | ११ | ११ | ७ | ० |
| ४ | ११ | ११ | ११ | २ |
| ५ | ११ | ११ | ११ | ११ |

तुमच्या स्लाइडवरचा खड्डा तो तिसऱ्या ओळीतला. गावात कोणी साबण वापरणं कमी केलं नाही. दुकानदाराने ऑर्डर वाढवायचं थांबवलं, एवढ्यानेच कारखाना थांबला. प्रत्येक कडी खपाकडे पाहत नाही, खालच्या कडीच्या ऑर्डरकडे पाहते, आणि त्यातल्या चढउताराची दुपटीने भर टाकून पुढे ढकलते.

एक बेरीज करून पाहा, ही मला फार आवडते. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात खप झाला ४४, उत्पादन झालं ५०. जादा सहा पेट्या गेल्या कुठे? तिघांकडचा साठा २० चा २२ झाला, प्रत्येकी दोन. म्हणजे सगळ्या धावपळीत साखळीला खरोखर जादा लागत होत्या फक्त सहा पेट्या. त्या सहांसाठी कारखाना ३७ वर गेला आणि शून्यावर आला.

मी माल लगेच पोचतो असं धरलंय. प्रत्यक्षात गाडी भरेपर्यंत थांबतात, आठ-दहा दिवस सहज जातात. तोवरचा खपही धरून चालायचं तर साठा दोनऐवजी तीन आठवड्यांचा ठेवावा लागतो, आणि मग ऑर्डरीतली भर दुपटीऐवजी तिपटीने पडते. वर माणसाचा स्वभाव आहेच: रस्त्यात असलेला माल तो विसरतो. मागवलेलं आलं नाही म्हणून पुन्हा मागवतो, मग दोन्ही गाड्या एकाच आठवड्यात दारात उभ्या. मी स्वतः हे केलंय; गोडाऊनमध्ये जागा नाही म्हणून पेट्या ऑफिसात, माझ्या खुर्चीमागे रचल्या होत्या. एमआयटीमध्ये अशीच साखळी मांडून ऑर्डरी द्यायचा जो ‘बिअर गेम’ खेळवतात, त्यातही खेळाडू हीच चूक करतात, हे जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये दाखवलं. परीक्षेत विचारलंच तर: ही लाट नीट मांडली जे फॉरेस्टर यांनी, १९६१ च्या पुस्तकात. ‘बुलव्हिप’ हा शब्द रुळला तो हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९७ च्या लेखांमुळे. प्रॉक्टर अँड गॅम्बलला डायपरच्या बाबतीत हेच दिसलं होतं: बाळं तेवढीच, दुकानातली विक्री बऱ्यापैकी स्थिर, पण डिस्ट्रिब्युटरच्या ऑर्डरी त्याहून जास्त हेलकावणाऱ्या. बैलाच्या चाबकासारखं: मूठ बोटभर हलते, टोक हातभर फिरतं.

आता उपाय, त्याच आकड्यांवर. समजा दुकानातला खरा खप तिघांनाही दिसतो. शेठना दिसतं की ऑर्डर १३ ची असली तरी खप ११ चाच आहे. १३ तर द्यायच्याच, ७ उरल्या, पण साठा लागतो २२ चा, २६ चा नव्हे. ऑर्डर १५. कारखान्याकडून १५ गेल्या, ५ उरल्या, त्यालाही २२ च पाहिजेत. उत्पादन १७. पुढच्या आठवड्यापासून सगळीकडे ११. जिथे ३७ आणि ० होतं तिथे १७ आणि ११. उसळी पूर्ण गेली नाही, कारण त्या सहा पेट्या कुठल्यातरी आठवड्यात बनवाव्याच लागतात. ‘माहिती शेअर केली की बुलव्हिप संपतो’ असं स्लाइडवर लिहिलं असेल तर ते खोडा. कमी होतो.

दुसरा उपाय दुकानदाराच्या हातातला आहे. एका आठवड्याच्या खपावर साठा ठरवण्याऐवजी चार आठवड्यांची सरासरी धरली, तर सरासरी होते सव्वादहा, साठा साडेवीस, आणि पहिली ऑर्डर १३ ऐवजी साडेअकरा. साठा २२ वर पोचतोच, पण चार आठवड्यांत पसरून. किंमत अशी की मागणी खरंच झपाट्याने वाढत असेल तर तुम्ही मागे पडता आणि फळी रिकामी दिसते.

हे झालं मागणीच्या अंदाजाचं कारण. स्लाइड्सवर सहसा आणखी तीन असतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त त्रास स्कीमचा होता. महिनाअखेर आली की कंपनीच्या माणसाला टार्गेट गाठायचं असायचं, मग ‘दहावर एक फ्री’. सगळी दुकानं पंचवीस तारखेनंतर महिनाभराचा माल उचलायची आणि पुढचे तीन आठवडे “सध्या नको भाऊ, पडून आहे.” कारखान्याच्या कागदावर मात्र दर महिनाअखेरीला साबणाला प्रचंड मागणी! लोक काय पंचवीस तारखेनंतरच कपडे धुतात? आणि पेटीपेटीने न मागवता गाडी भरेल तेव्हाच मागवायचं, हे ऑर्डरी थोकात पडण्याचं कारणही यातच मिसळलेलं असतं. तुटवड्याचं कारण समजून घ्यायचं तर जूनमध्ये कृषी केंद्रावर जा. युरिया कमी येणार अशी नुसती हवा उठली की दोन पोत्यांचा शेतकरी पाच मागतो, दुकानदार पन्नासऐवजी दीडशे नोंदवतो, कारण ‘तिसरा हिस्साच मिळणार’ हे त्याला ठाऊक असतं. माल आला की अर्ध्या मागण्या गायब. वरच्याला मात्र वाटतं, मागणी तिप्पट होती.

एक गोष्ट स्लाइडवर नसते. मी एकच दुकान घेतलं. शंभर दुकानं असती आणि प्रत्येकाचा खप आपापल्या कारणाने वरखाली होत असता, तर एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीत बरीच मुरली असती. चाबूक जोरात बसतो तो सगळी दुकानं एकाच कारणाने एकाच दिवशी हलतात तेव्हा: स्कीम, अफवा, वेचणीची मजुरी.

खऱ्या वहीत बुलव्हिप आहे का हे पाहायचं असेल तर एखाद्या दुकानाचा सहा महिन्यांचा आठवडी खप आणि त्याच दुकानाच्या आठवडी ऑर्डरी शेजारी लिहा, दोन्हींचा व्हेरियन्स काढा आणि ऑर्डरींच्या व्हेरियन्सला खपाच्या व्हेरियन्सने भागा. उत्तर एकापेक्षा मोठं आलं तर आहे. फक्त खप म्हणून बिलबुकातली विक्री घ्या, डिस्ट्रिब्युटरने पाठवलेला माल नव्हे. तो आकडा म्हणजे पुन्हा ऑर्डरच झाली. मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं होतं, आणि उत्तर बरोब्बर एक आलं होतं.