‘बरोबरीत सुटला’ आणि तरीही जिंकला?

प्रश्न : ‘बातमीत “सामना बरोबरीत सुटला” असे लिहितात आणि पुढच्याच ओळीत “सुपर ओव्हरमध्ये भारत जिंकला” असे येते. मी नुकतीच क्रिकेट पाहू लागले आहे. सामना सुटला तर जिंकला कसा? आणि “अनिर्णित” म्हटले तर चालेल का?’

हा गोंधळ ‘सुटणे’ या क्रियापदाच्या दोन अर्थांमुळे होतो. कोडे सुटते, गणित सुटते, तेव्हा आपल्याला उत्तर मिळालेले असते. आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या कुस्तीच्या मैदानात मात्र हेच क्रियापद जवळजवळ उलट अर्थाने येते. दोन मल्ल बराच वेळ झुंजूनही कोणी चितपट होत नाही, तेव्हा पंच कुस्ती ‘बरोबरीत सोडवतात’. म्हणजे निकाल न लागताच दोघांची एकमेकांपासून सुटका होते. याच्या विरुद्ध असते ती ‘निकाली कुस्ती’. क्रिकेटच्या बातमीतला ‘सुटला’ हा कुस्तीतल्या ‘सुटली’च्या जवळचा आहे, गणितातल्या ‘सुटले’च्या नव्हे, हे लक्षात ठेवले की अर्धी अडचण दूर होते.

उरलेली अर्धी अडचण खेळाच्या नियमांतली आहे आणि तिच्यासाठी आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचा एक सामना उत्तम उदाहरण ठरेल. ११ डिसेंबर २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या महिला संघांत टी-ट्वेंटी सामना झाला. ऑस्ट्रेलियाने २० षटकांत एकच गडी गमावून १८७ धावा केल्या. भारताला शेवटच्या चेंडूवर ५ धावा हव्या असताना देविका वैद्यने चौकार मारला आणि भारताची धावसंख्या ५ बाद १८७ झाली. दोन्ही डाव पूर्ण झाले आणि धावा समान राहिल्या. क्रिकेटमध्ये यालाच ‘टाय’ म्हणतात आणि मराठीत ‘बरोबरी’.

येथे नवा प्रेक्षक हमखास विचारतो की ऑस्ट्रेलियाचा एकच गडी बाद झाला आणि आपले पाच, मग त्यांना वरचढ का मानू नये? ही शंका निराधार नाही, कारण एके काळी तसा नियम होता. मार्च १९८७ मध्ये हैदराबादच्या एकदिवसीय सामन्यात भारत आणि पाकिस्तान या दोघांच्याही २१२ धावा झाल्या होत्या. भारताचे सहा गडी बाद झाले होते आणि पाकिस्तानचे सात, म्हणून भारताला विजयी ठरवण्यात आले. आज गेलेल्या बळींची तुलना होत नाही. फक्त धावा मोजल्या जातात आणि त्या समान असतील तर निर्णयासाठी सुपर ओव्हर खेळवली जाते.

‘ओव्हर’ला आपण ‘षटक’ म्हणतो खरे, पण सुपर ओव्हरला ‘निर्णायक षटक’ म्हणणे मला पटत नाही, कारण एका सुपर ओव्हरमध्ये प्रत्यक्षात दोन षटके असतात, प्रत्येक संघाच्या वाट्याला एकेक. एकवचनी ‘षटक’ वाचून नव्या वाचकाला वाटेल की सहाच चेंडूंत सारे संपते. त्यापेक्षा रुळलेला ‘सुपर ओव्हर’ हाच शब्द ठेवावा. तिला सहा चेंडूंचा छोटा डाव समजावे. वाइड आणि नो-बॉल नेहमीप्रमाणे सहांत धरले जात नाहीत आणि दोन गडी बाद झाले की हा डाव तिथेच संपतो. म्हणून एका संघाचे जास्तीत जास्त तीनच फलंदाज मैदानात उतरू शकतात.

मूळ सामन्यात ज्या संघाने नंतर फलंदाजी केली तो सुपर ओव्हरमध्ये आधी फलंदाजी करतो. त्यामुळे त्या दिवशी पाठलाग करून थांबलेला भारतच पुन्हा फलंदाजीला आला. रिचा घोषने पहिल्या चेंडूवर षटकार मारला आणि दुसऱ्यावर ती बाद झाली. तिसऱ्यावर हरमनप्रीत कौरने एक धाव काढली. मग स्मृतीने चौकार, षटकार आणि शेवटच्या चेंडूवर तीन धावा घेतल्या. एकूण २० झाल्या. रेणुका सिंगच्या षटकात ऑस्ट्रेलियाला १६ धावाच करता आल्या आणि भारताची सरशी झाली.

आता मूळ शंकेकडे येऊ. अधिकृत नोंदीत हा सामना ‘बरोबरीत’ असाच राहतो आणि त्याला जोडून ‘सुपर ओव्हरमध्ये भारत विजयी’ असे लिहिले जाते. सुपर ओव्हर सामन्याची धावसंख्या बदलत नाही, ती केवळ विजेता ठरवते. म्हणूनच त्या दिवशी स्मृतीने मूळ डावात केलेल्या ७९ धावा तिच्या कारकिर्दीत धरल्या जातात, पण सुपर ओव्हरमधल्या १३ धरल्या जात नाहीत. बातमीतली दोन्ही वाक्ये खरी आहेत, खटकतो तो फक्त ‘सुटला’ हा शब्द, कारण सुटका होण्याऐवजी दोन्ही संघ पुन्हा भिडलेले असतात. मी असेन तर ‘सामना बरोबरीत, सुपर ओव्हरमध्ये भारताची सरशी’ असे लिहीन आणि ‘बरोबरीत सुटला’ हे सुपर ओव्हर खेळवली न गेलेल्या सामन्यासाठी राखून ठेवीन.

‘अनिर्णित’ हा शब्द मात्र येथे चालणार नाही. कसोटीत वेळ संपते आणि डाव अपुरे राहतात, तेव्हा सामना अनिर्णित राहतो. मर्यादित षटकांत तसे घडत नाही. पावसाने खेळ अर्धवट थांबला आणि विजेता ठरवता आला नाही तर ‘सामन्याचा निकाल लागला नाही’ किंवा ‘सामना रद्द झाला’ असे लिहितात.

सुपर ओव्हरमध्येही बरोबरी झाली तर काय, हे २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात साऱ्या जगाने पाहिले. इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्या मूळ सामन्यात २४१-२४१ आणि सुपर ओव्हरमध्ये १५-१५ अशा धावा झाल्या, आणि चौकार-षटकार जास्त मारले म्हणून इंग्लंड विजेता ठरले. हे मोजमाप अनेकांना अन्यायाचे वाटले, मलाही वाटले. त्याच वर्षी ते रद्द झाले. आता निकाल लागेपर्यंत एकामागून एक सुपर ओव्हर खेळवल्या जातात.

१७ जानेवारी २०२४ रोजी बंगळुरूत भारत-अफगाणिस्तान सामन्यात असेच झाले. मूळ सामन्यात दोघांच्या २१२ धावा होत्या, पहिल्या सुपर ओव्हरमध्ये १६-१६. दुसरीत क्रम उलटतो, म्हणून भारताची फलंदाजी आधी आली. आधीच्या सुपर ओव्हरमध्ये गोलंदाजी केलेल्याला लगेच पुढची टाकता येत नाही, त्यामुळे मुकेश कुमारऐवजी रवी बिश्नोईच्या हाती चेंडू गेला. भारताच्या ११ धावांसमोर त्याने तीन चेंडूंत दोन बळी घेतले आणि अफगाणिस्तानचा डाव एका धावेवर आटोपला.

त्याच सामन्यात शब्दाशी निगडित एक वादही झाला. पहिल्या सुपर ओव्हरच्या शेवटच्या चेंडूआधी रोहित शर्मा स्वतःहून तंबूत परतला आणि दुसरीत पुन्हा फलंदाजीला आला. नियम असा की आधीच्या सुपर ओव्हरमध्ये बाद झालेला फलंदाज पुढच्या सुपर ओव्हरमध्ये खेळू शकत नाही. म्हणून प्रश्न उरतो तो त्या परतण्याला काय म्हणायचे याचा. दुखापतीमुळे परतला तर तो ‘जखमी निवृत्त’, म्हणजे बाद नव्हे. केवळ डावपेच म्हणून परतला तर ‘निवृत्त बाद’. मराठी बातम्यांत दोन्हींसाठी नुसते ‘निवृत्त’ लिहिले जाते. अशा प्रसंगी तेवढे पुरत नाही, दुसरा शब्द जोडावाच लागतो.