कॅट्स, डॉग्स आणि वॉचेस, तिन्हींत अनेकवचनाचा आवाज वेगळा का? तीन वेगळे नियम पाठ करायचे का?

पाठ काहीच करायला नको, कारण प्रत्यय एकच आहे. त्याचा मूळ आवाज झेडचा, म्हणजे झ्, आणि तो बदलतो तो फक्त शेजाऱ्यामुळे. स्पेलिंगमधे एस दिसतो म्हणून आपण स् मूळ धरून बसतो आणि मग सगळं उलटं वाटायला लागतं.

आधी गळ्यावर हात ठेवून लांब स्ऽऽ म्हणा, मग झ्ऽऽ. जीभ दोन्ही वेळा तिथेच असते, फक्त झ् ला हाताखाली थरथर लागते आणि स् ला लागत नाही. शाळेत कठोर आणि मृदू व्यंजनं शिकलो ना, तोच हा फरक. कॅटचा ट् कठोर, तिथे गळ्याची थरथर थांबलेली असते आणि लगेच पुढच्या आवाजासाठी ती परत सुरू करणं जड जातं, म्हणून झ् पण कठोर होतो आणि आपल्याला कॅट्स ऐकू येतं. डॉगचा ग् मृदू, थरथर चालूच असते, ती तशीच पुढे जाते, डॉग्झ. आपल्या संधीत वाक् + ईश = वागीश होतं, तिथेही शेजारच्या आवाजामुळेच क् चा ग् झालाय, फक्त तिथे पुढचा आवाज मागच्याला बदलतो आणि इथे मागचा पुढच्याला.

आता तुम्ही म्हणाल की मूळ झ् कशावरून, स् का नाही? मला स्वतःला हे पटायला वेळ लागला होता आणि पटलं ते एका जोडीमुळे. पेनचं अनेकवचन पेन्झ, पण पेनीचं जे अनेकवचन पैशांसाठी वापरतात ते पेन्स, चक्क स् ने. दोन्हीकडे आधी तोच न् आहे! म्हणजे न् च्या पुढे इंग्लिशला स् पण चालतो आणि झ् पण चालतो, न् कुणावर जबरदस्ती करत नाही. तरी पेन, स्पून, ट्रेन असल्या साध्या शब्दांना प्रत्यय लावला की दर वेळी झ् च येतो. जिथे बदलायची गरजच नाही तिथे जो आवाज दिसतो तोच मूळ.

वॉचमधे खरी गंमत आहे. च् कठोर आहे, मग कॅटसारखं वॉच्स व्हायला हवं होतं. पण च् संपतो तोच श् सारख्या घासत्या आवाजात, त्याला लागून स् आला तर प्रत्यय लागलाय की नाही हे कानाला कळणारच नाही. म्हणून मधे छोटा इ. आणि एकदा इ मधे आला की झ् आता च् ला टेकत नाही, स्वराला टेकतो, म्हणून तो झ् च राहतो, वॉचिझ. बस, रोझ, डिश, जज सगळ्यांचं हेच. इतिहासात बघितलं तर हा इ नंतर घुसवलेला नाहीये, उरलेला आहे. इंग्लिश कवी चॉसरच्या काळात, म्हणजे 14 व्या शतकात, बहुतेक शब्दांत तो स्वर म्हणायचे, पुढे तो गळत गेला आणि जिथे गळला तर पंचाईत झाली असती तिथेच टिकला.

हे पाठांतर नाही हे भाषा-मानसशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी 1958 मधे दाखवलं. 4 ते 7 वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून सांगितलं हा वग, आता असे दोन आहेत, तर बहुतेक मुलं वग्झ म्हणाली, जो शब्द त्यांनी कधीच ऐकलेला नव्हता. पण टास नावाच्या काल्पनिक वस्तूला बरीच मुलं अडली, नुसतं टासच म्हणाली, आणि तीच मुलं ग्लासचं अनेकवचन मात्र बरोबर सांगत होती. म्हणजे इ वाला भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो.

चूक होते ती स्पेलिंग बघून. लेक्स आणि फेसिझ दोन्ही लिहिताना शेवटी ई-एस, पण लेकचा शेवटचा आवाज क् म्हणून स्, फेसचा स् म्हणून इझ. लाफ लिहिताना जी-एच आहे पण आवाज फ् चा, म्हणून लाफ्स (हो, क्रियापदाच्या एसला आणि मालकी दाखवणाऱ्या एसलाही हेच लागू). नाइफचं नाइव्झ, हाउसचं हाउझिझ असे काही शब्द मात्र वेगळे लक्षात ठेवावे लागतात, तिथे शब्दाचाच शेवट मृदू होतो, रूफचं बहुतेक जण रूफ्सच म्हणतात.

आणि डॉग्झ म्हणताना शेवटचा झ् ओढून ताणून म्हणू नका. इंग्लिश बोलणारेही वाक्याच्या शेवटी तो अर्धवटच मृदू ठेवतात, पण त्याच्या आधीचा स्वर लांबवतात. डॉक्स आणि डॉग्झ लागोपाठ म्हणून रेकॉर्ड करून ऐका, दुसऱ्यातला ऑ जास्त लांब आला असेल तर ऐकणाऱ्याला बरोबर ग् आणि झ् ऐकू जातो.