खुर्चीत बसेपर्यंतचं मत

प्रिय मित्रा,

प्रमुखाच्या निवड समितीवर तुला घेतलंय, म्हणून एकाच गोष्टीबद्दल लिहितो. उमेदवार दारातून आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत तुझं मत बरंचसं बनलेलं असेल. उंची, ताठ मान, न अडखळता बोलणं, एवढ्यावर. पुढचा पाऊण तास तू त्या मतासाठी कारणं गोळा करशील, आणि ती तुला खरीच वाटतील.

मानसशास्त्रज्ञ टोडोरोव आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अमेरिकी सिनेटच्या लढतींतल्या उमेदवारांचे जोडीजोडीने फोटो लोकांना दाखवले आणि यातला जास्त सक्षम कोण वाटतो, एवढंच विचारलं. ओळखीचे चेहरे मोजणीतून वगळले. सुमारे 70 टक्के लढतींत सक्षम 'दिसणारा'च जिंकलेला निघाला. आता हे ताणू नकोस. पक्षच चांगल्या दिसणाऱ्याला जिंकण्याजोगी जागा देत असतील, हेही शक्य आहे. प्रमुख नेमणाऱ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचंही तसंच. ड्यूक विद्यापीठातल्या अभ्यासकांना मोठ्या कंपन्यांचे प्रमुख इतरांपेक्षा सक्षम दिसणारे आढळले, पगारही त्या दिसण्याशी जुळत होता. कंपनीच्या कामगिरीशी मात्र त्याचा संबंध सापडला नाही.

घोळ होतो तो असा. प्रमुखाचं काम नेमकं मोजता येत नाही, म्हणून जे दिसतं तेच मोजलं जातं. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने 1920 मध्येच दाखवलं होतं की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांची शरीरयष्टी, बुद्धी आणि नेतृत्व यांना वेगवेगळे गुण देताना सगळीकडे एकच एकूण मत उतरवत होते.

हे तुझ्या कागदावरही ओळखता येतं. समज, चार निकष आहेत: हिशेबाची समज, माणसं टिकवणं, अडचणीतले निर्णय, चूक कबूल करणं. प्रत्येकाला पाच गुण. उंच, रुबाबदार उमेदवाराला तू 4, 4, 5, 4 दिलेस आणि दुसऱ्याला 3, 3, 3, 3, तर तू चार गोष्टी मोजल्याच नाहीस. खऱ्या माणसाचे आकडे 5, 2, 4, 3 असे वेडेवाकडे येतात.

म्हणून प्रश्न आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने विचारा. "तुमचा फसलेला निर्णय सांगा, कधी कळलं, नुकसान किती, मग काय केलं?" असा प्रश्न विचारला की नुसता आत्मविश्वास पुरत नाही, तारखा आणि आकडे लागतात. उत्तर संपताच गुण लिही, शेवटी नको. सगळ्या सदस्यांचे कागद जमा होईपर्यंत कुणी चर्चा सुरू करू नये, अध्यक्षांनी तर नाहीच. पहिला बोलणारा बाकीच्यांचे आकडे हलवतो.

लेखी काम तपासायचं असेल तर ते नावाशिवाय, मुलाखतीच्या आधी वाचा. नंतर वाचलं तर कागदातही तोच रुबाबदार आवाज ऐकू येतो.

आणि कुणी म्हणालं, "याच्यात नेतृत्व दिसतं," तर शांतपणे विचार: कोणत्या उत्तरात?

तुझा,
एक जुना समितीकर