रेकॉर्डिंगआधी मोठ्याने वाचून बघताना

"डोळ्यांनी वाचलं की स्क्रिप्ट छान वाटते, माइकसमोर बसलो की अडखळतो आणि वाक्य संपायच्या आत दम संपतो. सराव वाढवू की लिखाण बदलू?"

लिखाण बदला. मला अगदी हाच त्रास पुण्यातल्या ऐतिहासिक ठिकाणांच्या एका ध्वनिफितीत झाला होता. काम देणाऱ्या कार्यालयाने (नाव नको) आधीच मंजूर करून टाकलेल्या मजकुरातलं हे वाक्य बघा:

"1730 साली बांधकाम सुरू झालेल्या, 1732 साली वास्तुशांत झालेल्या व 1828 सालच्या आगीत बराचसा जळून गेलेल्या शनिवारवाड्याच्या उत्तरेकडील दिल्ली दरवाजासमोर आपण उभे आहोत."

कागदावर चूक एकही नाही. पण मोठ्याने वाचलं की श्वास 'गेलेल्या'पाशी संपतो आणि 'शनिवारवाड्याच्या' हा मुख्य शब्दच दबक्या आवाजात निघतो. विशेषण आणि नाम यांच्यामध्ये श्वास घ्यावा लागला, तर वाक्य लांब आहे असं खुशाल समजा.

मी ते असं तोडलं: "बांधकाम 1730 मध्ये सुरू झालं. 1732 मध्ये वास्तुशांत झाली. 1828 मध्ये आग लागली, मोठं नुकसान झालं." दम पुरला, पण आता झालं-झाली-झालं असं नको असलेलं यमक कानावर आपटायला लागलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्यं तोडली की हे हमखास होतं. मग एक क्रियापद गाळायचं, एक बदलायचं: "आपण दिल्ली दरवाजासमोर उभे आहोत. शनिवारवाड्याचं बांधकाम सुरू झालं 1730 मध्ये. दोन वर्षांनी वास्तुशांत. 1828 च्या आगीत आतला बराचसा वाडा जळाला."

कार्यालयाचं उत्तर: "मंजूर मसुदा आहे, स्वल्पविरामसुद्धा हलणार नाही." स्टुडिओचं भाडं तासावर, आणि वाढलेले तास माझ्या मानधनातून कापले. अजून राग येतो. म्हणून माझं ठाम मत: वाचन-चाचणी मंजुरीच्या आधीच व्हायला हवी, आणि तसं लेखी घ्या. सगळीकडे असाच अनुभव येईल असं नाही, पण मी आता याशिवाय काम घेत नाही.

चाचणी उभं राहून, रेकॉर्डिंगच्याच वेगाने आणि आवाजात करा. पुटपुटणं धरायचं नाही. मध्ये थांबून दुरुस्ती नको, फक्त पेन्सिल चालवा: श्वास घेतला तिथे उभी रेघ, जीभ अडली तिथे फुली, शेवट घुमला तिथे गोल. फुली दुसऱ्या वाचनातही तिथेच पडली तर शब्द बदला. एकदाच पडली तर सोडून द्या. शिवाय मजकूर कधीच न पाहिलेल्या कुणाला तरी एकदा वाचायला द्या. 'जग'सारखे शब्द तिथे उघडे पडतात: 'हे जग' आणि 'तू जग' यांतला ज वेगळा, लिहिताना मात्र सारखाच.