बीटावर विसंबू नकोस रे

अरे, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पाकिटातला दुसरा बीसी 547 लावला आणि आवाज फाटायला लागला म्हणून तू तो ट्रान्झिस्टर केरात टाकलास? तो चांगलाच होता. चूक सर्किटची आहे, आणि तू कलेक्टर मोजलाच नाहीस याची.

तुझा हिशोब बघ. 12 व्होल्ट सप्लाय, कलेक्टरला 2.7के, बेसला एकच 1 मेगओम. म्हणजे बेसमध्ये साधारण 11 मायक्रोअँप. बीटा, म्हणजे बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट वाहतो तो आकडा, 200 धरलास तर कलेक्टर करंट सव्वादोन मिलिअँप, कलेक्टरवर सहाएक व्होल्ट, छान मधोमध. पण त्याच पाकिटातला दुसरा 400 चा निघाला की हिशोबाने साडेचार मिलिअँप हवेत आणि 2.7के मधून 12 व्होल्टवर तेवढे जाऊच शकत नाहीत, मग ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये जाऊन बसतो, कलेक्टरवर 0.2 व्होल्टच्या आत काहीतरी दिसतं. बी ग्रुपचा डेटाशीटच 200 ते 450 सांगतो. बीटावर विसंबू नकोस!

मीही हेच केलंय. तरुणपणी इंटरकॉमचे तीसेक बोर्ड केले, प्रत्येक ट्रान्झिस्टरला हाताने रेझिस्टर निवडून, आणि त्याचा केवढा अभिमान होता मला. पुढे कुणी तिकडे ट्रान्झिस्टर बदलला की बोर्ड परत माझ्याकडे. दोष मी बदलणाऱ्याला द्यायचो. अजून लाज वाटते.

आता हे कर. बेसला वर 47के, खाली 10के, एमिटरला 680 ओम. बेसच्या या दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरमधून 0.2 मिलिअँप वाहतो, बेसला लागणाऱ्याच्या वीसपट, त्यामुळे बेस दोन व्होल्टवर जवळपास ठाम राहतो. करंट वाढायला गेला की एमिटर वर उचलला जातो, बेस तर जागचा हलत नाही, मग मधलं अंतर कमी होऊन करंट आपोआप मागे येतो. बीटा 200 ला 2.01 मिलिअँप, 400 ला 2.07. कलेक्टर 6.6 वरून 6.4 वर, बस. बीटा दुप्पट झाला तरी!

मित्र म्हणतात एमिटरवर 1.4 व्होल्ट फुकट जातात, स्विंग कमी होतो. होऊ दे. उन्हात बेस-एमिटर व्होल्टेज डिग्रीला 2 मिलिव्होल्टने घसरतं, 25 डिग्री तापलं तर 50 मिलिव्होल्ट, ते या 1.4 पुढे साडेतीन टक्केच. एमिटरवर 0.1 व्होल्टच ठेवला असतास तर करंट निम्म्याने हलला असता. मी काय उगाच हट्ट धरत नाही.

हां, गेन पडेल, जेमतेम 4 राहील. एमिटर रेझिस्टरला समांतर 100 मायक्रोफॅरड टाक, प्लस एमिटरकडे. सिग्नलला तो रेझिस्टर दिसणारच नाही आणि डीसीचं काही बिघडणार नाही.

सिग्नल जोडायच्या आधी, दोन्ही ट्रान्झिस्टर आळीपाळीने लावून, कलेक्टर ते ग्राउंड मोज आणि दोन्ही आकडे कळव. आणि तो केरातला आधी शोध.