नोंदणी केलेलं मृत्युपत्र कोर्टात टिकतंच का?

प्रश्न: वडील ७८ वर्षांचे आहेत, आई तीन वर्षांपूर्वी गेली. पुण्यातला राहता फ्लॅट मला द्यावा असं बाबांच्या मनात आहे, कारण त्यांचं सगळं मीच बघते. दोन भाऊ आहेत, त्यांना हे आवडणार नाही. मृत्युपत्र रजिस्टर केलं की नंतर कोणी काही करू शकणार नाही ना? साक्षीदार म्हणून माझे मिस्टर चालतील का?

उत्तर: ताई, आधी तुमच्या मिस्टरांचं बोलू. तुम्ही हिंदू आहात असं धरून सांगतो. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली मालमत्ता रद्द ठरते. हे कलम हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू नाही, त्यामुळे केवळ मिस्टरांच्या सहीने फ्लॅट हातचा जाणार नाही. पण भावांच्या वकिलाला तुम्ही आयतं कोलीत द्याल. बाहेरचे साक्षीदार घ्या.

नोंदणीबद्दल मात्र तुमचा समज चुकीचा आहे. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक शुल्क नाही, आणि नोंदणी करावी असं माझंही मत आहे. कागद हरवत नाही, तारीख पक्की होते. पण नोंदणी म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही. कोर्टात निदान एका साक्षीदाराला उभं राहून सांगावं लागतं (जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६७). त्याने सांगायचं ते उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली, किंवा ही सही माझीच असं मला स्वतः सांगितलं, आणि मग मी त्याच्यासमोर सही केली. असे दोन साक्षीदार लागतात. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही, पण असलेले बरे.

आमच्या एका चुलतकाकांचं याच ठिकाणी अडलं. मृत्युपत्र नोंदवलेलं होतं, पण साक्षीदार दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर मिळाले ते. काका गेल्यावर नऊ वर्षांनी त्यातला एकच सापडला, दुसऱ्याचा पत्ता खोटा निघाला. सापडलेला उलटतपासणीत म्हणाला, "मी आलो तेव्हा सही आधीच झालेली होती, त्यांनी मला काही सांगितलं नाही." शिवाय कागद इंग्रजीत टाइप केलेला, काकांना इंग्रजी येत नव्हतं, आणि मजकूर ज्या पुतण्याला सगळं मिळणार होतं त्यानेच तयार करून आणलेला. कोर्टाने मृत्युपत्र मानलं नाही, मालमत्ता सगळ्या वारसांत वाटली गेली.

यातली पुतण्याची गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची. एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याला फायदा होतो तोच मृत्युपत्र करण्यात पुढे असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावरच पडते. म्हणून वकिलाकडे बाबांनी स्वतः जावं, फी त्यांनी द्यावी, बोलताना तुम्ही खोलीतही नसावं. कचेरीत न्यायला रिक्षा बोलवून दिलीत तरी पुरे! मजकूर मराठीत असू द्या. भावांना काही का दिलं नाही, हे बाबांनी आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहावं. "मुलांना वेळोवेळी शिक्षणाला आणि धंद्याला पैसे दिले, आता माझी देखभाल मुलगी करते" एवढं चालेल, खरं असेल तर. भावांचा उल्लेखच नसेल तर 'म्हाताऱ्याला आपली मुलंही आठवत नव्हती' असा युक्तिवाद होतो.

साक्षीदार बाबांपेक्षा वयाने बरेच लहान आणि सहज सापडतील असे घ्या. बाबांचा नेहमीचा डॉक्टर तयार असेल तर एक तो असावा. मनःस्थिती ठीक असल्याचा दाखला कायद्याने सक्तीचा नाही, पण ७८ व्या वर्षी त्याच दिवशीचा घ्याच. प्रत्येक पानावर बाबांची सही हवी. नंतर पेनाने खाडाखोड करू नये. त्या बदलालाही सही आणि दोन साक्षीदार लागतात, नाहीतर तो धरत नाहीत. बदल करायचाच तर नवं मृत्युपत्र करावं. आणि हे लक्षात ठेवा, नंतर केलेलं साधं, न नोंदवलेलं मृत्युपत्रही आधीच्या नोंदवलेल्याला रद्द करू शकतं.

आता सगळ्यात आधी करायचं काम. फ्लॅटचा करारनामा आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून नावं बघा. आईचं नाव निम्म्या हिश्शाची मालक म्हणून असेल आणि तिने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिचा अर्धा भाग बाबा आणि तुम्ही तिघं भावंडं यांच्यात सारखा वाटला गेलेला आहे. म्हणजे बाबांकडे आठातले पाचच भाग आहेत, आणि तेवढेच ते तुम्हाला देऊ शकतात. तुमचा स्वतःचा एक भाग धरून सहा होतील. उरलेले दोन भावांचेच, बाबांनी कागदावर काहीही लिहिलं तरी. नावं बघून इथे कळवा, पुढचं मग बोलू.